नवरदेवाची कटिंग आणि दाढी: दिवस मुहूर्तापासून नव्हे, हळदीपासून मोजा

लग्न रविवारी, म्हणून कटिंग शनिवारी आणि दाढी रविवारी सकाळी. मुंबईतले बहुतेक नवरदेव असाच हिशेब करतात. चूक कटिंगमध्येही नसते आणि दाढीतही नसते. ती मोजणीच्या सुरुवातीला असते, कारण चेहऱ्याची परीक्षा अक्षता पडताना होत नाही, हळदीला होते. ताज्या दाढीवर हळद चोळली की गाल चुरचुरतात, तासाभरात लालसर ठिपके उमटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिपक्यांवर शेरवानीची ताठ कॉलर घासत राहते. म्हणून कॅलेंडरवर आधी हळदीची तारीख आणि वेळ लिहा, मग मागे मोजत या.

हळद केव्हा आहे हे घराघरावर अवलंबून असतं. काही घरी ती लग्नाच्याच सकाळी लागते, काही घरी आदल्या दिवशी सकाळी. आगरी-कोळी घरांत आदल्या रात्री लागते आणि नाचगाणं उशिरापर्यंत चालतं. लग्नाच्या सकाळी हळद असेल तर वस्तरा किंवा रेझर आदल्या सकाळीच आटपायला हवा. रात्रीची हळद असेल तर पहाटे झोपाळू हातात रेझर येणार हे गृहीत धरा, आणि त्या दिवशी शक्यतो ट्रिमरवर भागवा.

पहिली चूक: आदल्या दिवशीची कटिंग

ताज्या कटिंगनंतर मानेवर आणि कानामागे पांढरी पट्टी दिसते. केसांखालची कातडी उन्हापासून झाकलेली असते, शेजारची मात्र स्टेशनपर्यंतच्या रोजच्या चालण्यात रापलेली. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की ही पट्टी आणखी उठून दिसते. महिन्याला केस साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठ-नऊ दिवसांत तीन-चार मिलिमीटर. पट्टी मवाळ व्हायला आणि कापलेले केस नीट बसायला एवढं पुरतं. म्हणून मोठी कटिंग हळदीच्या आठ-दहा दिवस आधी करा.

याला एक अपवाद आहे. बाजूने मशीन मारून फेड ठेवला असेल, तर दहा दिवसांत त्याची रेष विरघळते आणि कटिंग जुनी वाटायला लागते. अशांनी हळदीच्या चार-पाच दिवस आधी बसावं. पट्टीची काळजी तिथे कमी, कारण फेडमध्ये ती सीमारेषा टप्प्याटप्प्याने फिकी होत जाते.

आता फेट्याचा विचार करा. फेटा आणि मुंडावळ्या चढल्यावर वरचे केस कोणालाच दिसत नाहीत. दिसतात ते फक्त कल्ले, कानाभोवतीची कड आणि मान. तरी सलूनमध्ये सगळी चर्चा पुढच्या झुलपांची होते. कल्ले दोन्ही बाजूंना समान आहेत ना, हे उभं राहून, मान सरळ ठेवून, समोरच्या आरशात बघून घ्या. खुर्चीत मान एका बाजूला कललेली असते, आणि एक कल्ला अर्धा बोट वर गेलेला घरी आल्यावर कळतो. तयार शिवलेला फेटा घेणार असाल तर त्याचं माप कटिंग झाल्यावरच द्या. दाट केसांवर घेतलेलं माप नंतर सैल पडतं आणि फेटा कपाळावर उतरत राहतो.

दुसरी चूक: दाढीचा आकार पहिल्यांदाच लग्नाच्या आठवड्यात

भरलेली दाढी ठेवायची असेल तर ती दीड-दोन महिने आधी वाढायला लागली पाहिजे. गालावर विरळ जागा असतील तर त्या कुठे आहेत हे वाढल्याशिवाय समजत नाही. मग आकार ठरवण्याची पहिली फेरी मोठ्या कटिंगच्या दिवशीच करा. कारण साधं आहे. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते. कारागिराने पाच मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटरची क्लिप लावली, तर गेलेले दोन मिलिमीटर पाच-सहा दिवसांत परत येतात. हेच शुक्रवारी संध्याकाळी घडलं तर रविवारपर्यंत फारसं काही परत येत नाही. तेव्हा उपाय एकच: उरलेली दाढीही सरसकट तीन मिलिमीटरवर आणा. अर्धी लांब, अर्धी आखूड दाढी लपवता येत नाही, एकसारखी आखूड मात्र सगळ्यांना मुद्दाम केलेली वाटते.

सर्वात जास्त बिघडते ती गळ्यावरची रेष. घाईतला कारागीर ती थेट जबड्याच्या हाडावर आणून ठेवतो. समोरून ते टापटीप दिसतं, पण हार घालून घ्यायला मान वाकली की हनुवटीखालचं मांस मोकळं दिसतं आणि दुहेरी हनुवटीचा भास होतो. रेष कंठमण्याच्या साधारण दोन बोटं वर असावी आणि कानामागे हलक्या गोलाईने जावी. नुसतं सांगून भागत नसेल तर स्वतःचं बोट गळ्यावर ठेवून दाखवा. रेष चुकून वर गेलीच, तर तिच्याखाली वस्तरा फिरवणं थांबवा. आठवड्याभरात खालचे खुंट दोन-अडीच मिलिमीटर होतात आणि नवी रेष खाली पाडता येते. आठ दिवस हाताशी ठेवायचे ते यासाठीच.

पांढरे केस लपवायला दाढी रंगवणार असाल, तर रंग हळदीच्या चार-पाच दिवस आधी लावा, म्हणजे कातडीवरचा काळा डाग उतरायला वेळ मिळतो. बऱ्याच रंगांत आणि काळ्या मेंदीतही पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबणं टाळू नका. न रंगवलेल्या पांढऱ्या केसांवर हळद पिवळी दिसते, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरी चूक: चिकनी दाढी, उलटा हात

गुळगुळीत गालाच्या हट्टापायी वस्तरा आधी सुलटा आणि मग उलटा फिरवला जातो. उलट्या हाताने केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, आणि केस कुरळा असेल तर वाढताना वळून आतच घुसतो. एक-दोन दिवसांनी तिथे लाल फोड दिसतात, बहुतेक गळ्यावर, कॉलर लागते नेमक्या त्याच पट्ट्यात. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः मे महिन्यात, खारट घाम त्यावर आणखी झोंबतो. लग्नाआधीच्या आठवड्यात उलटा हात पूर्ण बंद करा. एकच सुलटी फेरी, नवं ब्लेड, आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याचा टॉवेल. सलूनमध्ये वस्तऱ्यात नवं ब्लेड आपल्यासमोर घालून घ्या. तुरटी रक्त थांबवायला ठीक आहे, पण आख्ख्या गालावर घासली की कातडी कोरडी पडते आणि दुसऱ्या दिवशीची हळद जास्त झोंबते.

एक हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. समजा परळचा मुलगा आहे, लग्न दादरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारच्या मुहूर्तावर, हळद शनिवारी सकाळी दहाला, सीमांतपूजन शनिवारी संध्याकाळी. मोठी कटिंग आणि दाढीचा पहिला आकार आदल्या आठवड्याच्या शुक्रवारी. गुरुवारी आणि शनिवारी आजी कात्री लावू देत नाही आणि सोमवारी बरीच सलून बंद असतात, हे धरूनच शुक्रवार निवडलेला. मग लग्नाच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी फक्त मान, कानामागची कड आणि कल्ले मशीनने साफ. दाढी असेल तर गालाची आणि गळ्याची रेष वस्तऱ्याने याच दिवशी, म्हणजे हळदीपर्यंत अडीच दिवस कातडीला मिळतात. शुक्रवारी संध्याकाळी घरी ठरलेल्या क्लिपने दाढी सारखी करायची, वस्तरा नाही. रविवारी सकाळी गळ्यावरचे खुंट क्लिपशिवाय ट्रिमरने काढायचे. वस्तऱ्याइतकं गुळगुळीत होत नाही, पण अर्ध्या मिलिमीटरचं फोटोत काही कळत नाही आणि कातडी शाबूत राहते.

तोच मुलगा चिकना असेल तर पेच वेगळा आहे. शनिवारी संध्याकाळी सीमांतपूजनाला गाल साफ हवा, रविवारी दुपारी पुन्हा साफ हवा. बारा-पंधरा तासांत दोनदा रेझर म्हणजे फोडांना आमंत्रण. माझ्या मते रेझर शुक्रवारी सकाळी आणि मग थेट रविवारी पहाटे. शनिवारची संध्याकाळ ट्रिमरवर काढा, पाहुण्यांना फरक जाणवणार नाही. रविवारी पहाटे सलून उघडी नसतात, त्यामुळे घरी कारागीर बोलवायचा तर वेळ आठवडाभर आधी पक्की करा, कारण मुहूर्ताच्या दिवशी त्याच्याकडे इतर नवरदेवही असतात.

हळद उतरवताना

हळदीचा पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. साबणाने खसाखसा घासून गाल सोलवटण्याऐवजी आधी थोडं खोबरेल लावून दोन-चार मिनिटं ठेवा, मऊ कापडाने टिपा, मग साबण. दाढीवाल्यांनी हळदीआधीच मुळांना तेल लावून ठेवलं तर हळद केसांच्या बुंध्याशी वाळून बसत नाही. त्यानंतर लगेच ट्रिमर चालवू नका, तेलकट दाढीत तो अडकतो आणि केस ओढतो. धुऊन पूर्ण वाळू द्या.

तरी बिघडलंच तर

कापलं असेल तर स्वच्छ कापूस पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. सारखं उचलून बघितलं की रक्त पुन्हा सुरू होतं. मग तुरटी, फक्त त्या टिंबावर. गळ्यावर फोड आले असतील तर थंड पाण्याचं फडकं दिवसातून तीन-चार वेळा ठेवा, रेझर बंद, आणि आत वळलेला केस पिनेने उकरायचा नाही. फोडांत पू दिसत असेल किंवा ते पसरत असतील, तर घरगुती उपाय सोडून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मित्राने दिलेली स्टिरॉइडची ट्यूब तर नकोच. पहिल्यांदाच करायचं फेशियल किंवा ब्लीच या आठवड्यात आणू नका, ते महिनाभर आधी करून बघायचं.

रिसेप्शन संध्याकाळी असेल तर फेटा उतरल्यावर केस घामाने चप्प बसलेले असतील. सकाळी जेल लावलेलं असेल तर ते सुकून पांढरी पापडी सुटते. म्हणून फेट्याखाली काहीच लावू नका. हॉलच्या खोलीत ओल्या टॉवेलने केस पुसून वाळवा आणि जे काही लावायचं ते तेव्हा लावा. संध्याकाळी गालावर सावली दिसू लागली तरी पुन्हा रेझर घेऊ नका, ट्रिमरचा एक हात पुरे.