मुलाखतीत ‘आम्ही करून घेतलं’ यावर थांबू नका

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर घ्यायचा असला की हमखास विचारलं जातं, “टॉवेलचं वजन कमी यायला लागलं तर काय कराल?” पहिली चूक इथेच होते. ‘कराल’ म्हटलं की उमेदवार पुस्तकी उत्तर देतो. त्याऐवजी विचारा, “असं अलीकडे कधी झालं होतं? तेव्हा तुम्ही काय केलं?” म्हणजे प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम या चारही गोष्टी घडलेल्या घटनेतून काढता येतात. यालाच ‘स्टार’ पद्धत म्हणतात.

समजा उत्तर आलं, “एका ऑर्डरमध्ये वजन कमी येत होतं. आम्ही लगेच लक्ष घातलं, सगळं करून घेतलं, माल वेळेवर गेला.” ऐकायला पूर्ण वाटतं, पण यात कृतीच नाही. ‘करून घेतलं’ म्हणजे कुणी, कुणाकडून, काय? इथे लगेच गुण कापणं ही दुसरी चूक. आपल्याकडे ‘मी’ म्हणणं अनेकांना फुशारकी वाटते, म्हणून चांगली माणसंही ‘आम्ही’ म्हणतात. “त्यातलं तुमच्याकडे काय होतं? सगळ्यात आधी कुठे हात घातला? जॉबरला नेमकं काय सांगितलं?” असं एकेक विचारा. तीन प्रश्न एकदम टाकले तर तो सोपा तेवढा उचलतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उत्तर आपणच पुरवणं. “म्हणजे पाईल बीमचा ताण बघितला असेल ना?” असं विचारलंत तर तो “हो” म्हणेल, आणि त्याला ते ठाऊक होतं का हे तुम्हाला कधीच कळणार नाही. प्रश्न विचारून दहा सेकंद गप्प बसा. खरंच काम केलेला माणूस बोलू लागतो: “एकाच मागावर होतं. मी तीन नग काट्यावर ठेवले. पाईलच्या ताण्याला ताण जास्त होता, लूप बसके येत होते. जॉबरकडून ताण कमी करून घेतला.” आता ‘करून घेतला’ चालेल, कारण कुणाकडून आणि काय, ते कळलं.

‘माल गेला’ हा या कृतीचा परिणाम नव्हे. “दुरुस्तीनंतर वजन किती आलं? आधी निघालेल्या हलक्या नगांचं काय केलं?” दुसऱ्या प्रश्नावर ऐकीव गोष्ट बहुधा अडते. ज्यानं ते निस्तरलंय, त्याला नग बाजूला काढणं, सेकंडला टाकणं, मालकाला सांगणं यातलं काहीतरी आठवतंच.

एक मात्र सांभाळा. इथे अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात. मराठीत अडखळणारा उमेदवार मोघम बोलतोय असं धरू नका. त्याला तेलुगूत सांगू द्या आणि ती भाषा येणारा एक जण सोबत बसवा.

तीनदा खोदूनही तपशील आला नाही तर दुसरा प्रसंग मागा. तिथेही तेच झालं, तर कागदावर ‘खोटं बोलतो’ असं नको, ‘स्वतःच्या कृतीचा तपशील मिळाला नाही’ एवढंच लिहा.