माइंड मॅपमधील बाण आराखड्यात कसे उतरवावेत

हाताने काढलेला माइंड मॅप टंकित करण्यापूर्वी कागदावरच प्रत्येक फांदीला १, १.१, १.१.१ असे क्रमांक द्यावेत, कारण मुद्द्याची पातळी केंद्रापासूनच्या अंतरावर नव्हे, तर तो कोणत्या रेषेतून फुटला आहे यावर ठरते. खरी अडचण एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे जाणाऱ्या आडव्या बाणांची असते. ‘मातीची धूप’ या विषयाच्या माइंड मॅपमध्ये ‘कारणे’खालील ‘वृक्षतोड’पासून ‘उपाय’खालील ‘वृक्षलागवड’कडे बाण जात असेल, तर ‘वृक्षलागवड’ ‘कारणे’खाली हलवू नये; ती ‘उपाय’खालीच ठेवून बाणाची नोंद तो जिथून निघतो त्या मुद्द्यासमोर करावी:

```
१ कारणे
    १.१ वृक्षतोड (→ २.१)
२ उपाय
    २.१ वृक्षलागवड
```

आराखड्यात एकच मुद्दा दोन ठिकाणी आलेला दिसला, तर बहुधा एखादा बाण फांदी समजून उतरवला गेलेला असतो.