दोनच माणसं, बजेट नाही: कोणतं ॲनिमेशन?

आधी स्टोरीबोर्डवर प्रत्येक शॉटसमोर दोनच गोष्टी लिहा: पात्र अंग वळवतं का, आणि तेच पात्र पुढे किती शॉटमध्ये येतं.

समजा, दोन मिनिटांची फिल्म आहे. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे एकूण 1440. दोघांनी मिळून रोज 40 काढली तर 36 दिवस नुसत्या रेखाटनात जातात. क्लीनअप आणि रंग वेगळेच. त्यामुळे सगळी फिल्म फ्रेम-बाय-फ्रेम, म्हणजे प्रत्येक चित्र नव्याने काढून करायचा हट्ट नको. उडी, पाण्याचा शिंतोडा, घाबरून वळलेला चेहरा अशा पाच-सहा सेकंदांसाठी ही पद्धत राखून ठेवा. सेकंदाला 12 प्रमाणे ही 60-72 चित्रं क्रिटा या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात होतात.

आजी ओट्यापाशी उभी राहून बोलतेय, असे दहा शॉट असतील तर रिग करा, म्हणजे एकदा काढलेल्या चित्राला हाडं जोडून तेच चित्र हलवा. ओपनटून्झ हे ॲनिमेशन सॉफ्टवेअरही मोफत आहे आणि त्यात हाडं जोडता येतात. पण रिग एकाच कोनाचा असतो. आजी समोरून बाजूला वळली की दुसरा रिग लागतो, आणि वेळेचं गणित नेमकं इथेच कोलमडतं.

एक-दोन शॉटपुरत्या पात्राला साधं कटआउट पुरे. हात-पाय वेगळ्या लेयरवर ठेवा आणि खांदा, कोपर इथे दोन्ही तुकडे गोल कापून एकमेकांवर चढवा. नाहीतर हात वाकला की सांध्यात फट दिसते. कोपर पूर्ण दुमडून बघा, तिथे लगेच कळतं.