सोसायटीतलं खेळाचं मैदान: झोपाळ्यांआधी फाटक कुठे ते ठरवा

सोसायटीत मुलांसाठी काही करायचं ठरलं की कमिटीची पहिली बैठक झोपाळ्यांच्या कॅटलॉगवर जाते. घसरगुंडी लाल की पिवळी यावर तासभर बोलणं होतं, पण मूल लिफ्टमधून बाहेर पडून त्या घसरगुंडीपर्यंत पोचणार कसं, हे कुणी विचारत नाही. पुण्यातल्या सात-आठ सोसायट्यांमध्ये हे काम केल्यावर माझा क्रम ठरून गेला आहे: आधी वाट, मग गाड्यांचा रस्ता ओलांडण्याची जागा, मग फाटक आणि सगळ्यात शेवटी झोपाळे.

सोसायटीचा नकाशा घ्या आणि संध्याकाळी पाच ते सात खाली बसा. कुठल्या विंगमधून मुलं कशी येतात ते पेनाने काढत जा. लॉनवर जिथे गवत मरून मातीचा पट्टा पडलाय तिथे खरी वाट आहे, तीच पक्की करा. रुंदी १.८ मीटर ठेवा, म्हणजे समोरासमोर दोन बाबागाड्या निघतील. रस्त्यापासून वेगळी करायला नुसता पिवळा पट्टा मारू नका, कर्ब म्हणजे उंच कडा घाला. पट्ट्यावर पहिल्याच आठवड्यात दुचाक्या लागतात.

आता अवघड भाग. बेसमेंट पार्किंगचा रॅम्प जिथे वर येतो, तिथेच बहुतेक ठिकाणी मुलांना रस्ता ओलांडावा लागतो. माझ्या पहिल्या कामात मी रॅम्पच्या तोंडाशीच झेब्रा पट्टे मारले, समोर बहिर्गोल आरसा लावला आणि ‘वेग १० किमी’ची पाटी ठोकली. महिनाभरात एक मुलगी सायकल घेऊन वर येणाऱ्या गाडीसमोर आली. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालवणारे काका गाडी हळूच चालवत होते, चूक माझी होती.

रॅम्प चढताना गाडीचं नाक वर असतं, त्यामुळे ड्रायव्हरला बॉनेट आणि आभाळ दिसतं. चार वर्षांच्या मुलाची उंची मीटरभर. ते बॉनेटच्या मागे पूर्ण लपतं. आरशाचा उपयोग मोठ्यांना होतो, तोही थोडाच: त्यात सगळं असतं त्यापेक्षा लांब दिसतं आणि पावसाळ्यात काचेवर थेंबच थेंब. लावायचा तर लावा, पण त्याच्या भरवशावर क्रॉसिंग ठेवू नका.

झाडूच्या दांड्याला ९० सेंटीमीटरवर लाल फडकं बांधा आणि एकाला तो धरून रॅम्पच्या तोंडाशी उभं करा. सोसायटीतली सगळ्यात उंच बॉनेटची गाडी रॅम्पवर घ्या, पुढची चाकं माथ्याला लागली की थांबा आणि ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसा. फडकं दिसत नसेल, तर माणसाला एकेक पाऊल मागे जायला सांगा. दिसलं की तिथे खडूने खूण करा. मग दांडा बाजूला, हेजच्या आडून येणाऱ्या वाटेवर नेऊन पुन्हा बघा. शेवटी त्याच वाटेवर फडक्याच्या उंचीला मोबाइल धरून रॅम्पच्या दिशेने फोटो काढा, कारण मुलालाही गाडी दिसली पाहिजे.

क्रॉसिंग त्या खुणेच्या पलीकडे जायला हवं, शिवाय ब्रेकचं अंतर हवं. ताशी १५ किलोमीटरने येणारी गाडी, मूल ड्रायव्हरच्या लक्षात येईपर्यंतच्या एका सेकंदात, चार मीटर पुढे जाते आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर थांबायला आणखी दोन-अडीच मीटर घेते. म्हणजे साडेसहा. ताशी २५ ला हेच अंतर १३ मीटरच्या आसपास जातं. म्हणून मी रॅम्पच्या माथ्यापासून किमान ७ मीटर सोडतो, आणि वेग १५ च्या आत राहील अशी सोय रस्त्यातच करतो.

माझी दुसरी चूक इथेच झाली. क्रॉसिंग ७ मीटर सरकवलं, नवे पट्टे मारले आणि मुलं जुन्याच जागेवरून पळत राहिली. पळणारच. समोर फाटक दिसतंय, आत मित्र ओरडतोय, तर सात मीटर वळसा कोण घालेल? कमिटीने वॉचमनला शिट्टी घेऊन उभं केलं. ते चार दिवस टिकलं. मग मी मैदानाचं फाटकच सात मीटर सरकवून नव्या क्रॉसिंगच्या बाजूला आणलं आणि जुन्या जागी जाळी बंद केली. वेल्डरचं दीड दिवसाचं काम. दुसऱ्या संध्याकाळपासून मुलं आपोआप तिथून जायला लागली. मुलांना वळवायला जाऊ नका, फाटक हलवा.

फाटक क्रॉसिंगच्या अगदी नाकासमोर मात्र नको. दीड-दोन मीटर बाजूला ठेवा, म्हणजे बॉलमागे सुसाट निघालेलं मूल आधी कुंपणाला अडेल, वळेल आणि मग रस्त्यावर येईल.

क्रॉसिंग उचललेलं करा: १० सेंटीमीटर उंच, वरचा सपाट भाग ३ मीटर, दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा उतार. गाडी हळू होते आणि मुलाला वाटेवरून खाली उतरावं लागत नाही. रबरी पट्टीचा स्पीड ब्रेकर मला अजिबात मान्य नाही. दुचाकीवाले कडेच्या फटीतून निघून जातात, वर्षभरात बोल्ट वर येतात आणि त्यावर मुलांच्याच सायकली पडतात. अग्निशमन बंबाचा ६ मीटरचा रस्ता अरुंद करू नका, आणि काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या फायर कन्सल्टंटला आराखडा दाखवा.

पाण्याचा विचार केला नाही तर पहिल्याच पावसात चढाच्या बाजूला तळं साचतं, आणि लोक तळं टाळायला रस्त्याच्या मधून चालतात. खालून पाइप टाकला तर तो पानांनी तुंबतो. कर्बच्या कडेने उघडं गटार ठेवून त्यावर लोखंडी जाळी घाला. जाळीच्या फटी सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या असल्या तर चाक अडकतं.

क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना पाच मीटर गाडी उभी राहता कामा नये. ‘नो पार्किंग’ लिहून हे होत नाही, विशेषतः गाडी अध्यक्षांची असेल तर. तिथे कर्ब पुढे काढून गाडी लावण्याची जागाच संपवा. त्यात दुरांता किंवा अरेका पाम लावू नका. गुडघ्याच्या वर जाणारं काहीच नको.

एवढं झालं की खेळाची जागा सोपी आहे. झोपाळ्याच्या पुढे आणि मागे, तो ज्या आडव्या दांड्याला टांगलाय त्याच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी. खाली ३० सेंटीमीटर वाळू, फरशी नाही. कुंपणाच्या आणि खेळण्यांच्या फटी ९ सेंटीमीटरपेक्षा कमी, नाहीतर धड जातं आणि डोकं अडकतं. पत्र्याची घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून. पाण्याच्या टाकीची झाकणं कुलूपबंद. बागेतल्या दिव्यांना करंट गळला की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, ते पावसाळ्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

आणि तो फडक्याचा दांडा फेकू नका. आमच्याकडे तो वॉचमनच्या केबिनमध्ये असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हेज भराभर वाढते, तेव्हा दर पंधरा दिवसांनी मी तो क्रॉसिंगवर उभा करून रॅम्पच्या माथ्यावरून बघतो. फडकं दिसलं नाही की माळ्याला फोन.