कुशनचा स्क्रू पिळूनही ठोका जात नाही तेव्हा

डिप्लोमा झाल्यावर भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला ट्रेनी म्हणून लागलो. पहिल्याच महिन्यात एक मशीन माझ्या गळ्यात पडलं. गिअरबॉक्सची हाउसिंग फिक्स्चरवर ठेवायची, हवेवर चालणाऱ्या सिलिंडरनं ते फिक्स्चर लीनिअर गाईडवरून पुढे ढकलायचं आणि पुढे ड्रिलिंग व्हायचं, एवढं साधं काम. सिलिंडर ६३ बोअरचा, ४०० मिलिमीटर स्ट्रोकचा. फिक्स्चर २५ किलोचं, हाउसिंग १५ किलोची. दर सहा सेकंदाला फिक्स्चर पुढे जाऊन असा ठोका द्यायचं की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा. ड्रिलच्या जागा सरकायला लागल्या होत्या आणि रॉडच्या टोकाचा नट आठवड्यातून दोनदा ढिला व्हायचा.

न्यूमॅटिक्समध्ये नवीन येणाऱ्यांना हा ठोका पहिल्या वर्षात भेटतोच. म्हणून या एकाच मशीनवर मी काय काय चुकलो ते सविस्तर सांगतो.

आधी कुशन म्हणजे काय ते. पिस्टन पुढे जातो तेव्हा त्याच्या पुढची हवा पुढच्या कव्हरमधल्या पोर्टमधून बाहेर पडत असते. स्ट्रोकचे शेवटचे वीसेक मिलिमीटर उरले की पिस्टनच्या पुढचा जाडसर भाग कव्हरमधल्या कुशन सीलमध्ये घुसतो आणि हवेचा मोठा रस्ता बंद होतो. अडकलेल्या हवेला बाहेर पडायला उरते ती फक्त कुशन स्क्रूच्या टोकापाशी असलेली बारीक फट. हवा दाबली जाते, तिचा दाब वाढतो आणि पिस्टनचा वेग मरतो. परतताना तेच सील एका बाजूला वाकून हवा मोकळी आत सोडतं, त्यामुळे सुरुवात अडखळत नाही. लक्षात ठेवायचं एवढंच की रॉड बाहेर येताना ठोका बसत असेल तर पुढच्या, म्हणजे रॉडकडच्या कव्हरचा स्क्रू फिरवायचा. मी पहिल्या दिवशी अर्धा तास मागचा फिरवत बसलो होतो.

हा स्क्रू लावायची रीत अशी. जवळजवळ पूर्ण बंद करायचा आणि मग पाव-पाव फेरा उघडत जायचं. फार बंद असेल तर अडकलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पिस्टन टोकाला पोचायच्या आधी किंचित मागे उसळतो आणि मग सावकाश रांगत टेकतो. फार उघडा असेल तर सरळ आपटतो. या दोन्हींच्या मध्ये एक जागा सापडते, तिथे पिस्टन न उसळता, न रांगता गुपचूप बसतो. एक मात्र सांभाळा: हवा चालू असताना स्क्रू बेफाम उघडत जाऊ नका आणि त्याच्यासमोर तोंड नेऊ नका, तो सुटला तर गोळीसारखा येतो.

तर मी हे सगळं केलं. स्क्रू पूर्ण पिळला, ठोका तसाच. चार फेरे उघडला, तरीही तसाच. मग मी फ्लो कंट्रोल आवळून वेग कमी केला. ठोका कमी झाला, पण सायकल टाइम वाढला आणि प्रॉडक्शनचे साहेब येऊन उभे राहिले. फ्लो कंट्रोल परत जागेवर.

आमचे जुने फिटर, ज्यांना सगळा शॉप मामा म्हणायचा, ते इतका वेळ लांबून बघत होते. ते म्हणाले, "अरे, स्क्रू फिरवून आवाज बदलतच नाही म्हटल्यावर तो आवाज त्या कव्हरमधला आहे कशावरून? आणि मागे येताना ठोका का येत नाही, ते बघितलंस का?"

हे मी खरंच बघितलं नव्हतं. परतीच्या स्ट्रोकला सिलिंडर एकदम शांत होता. फिक्स्चर रिकामं येतं, वजन कमी असतं, हे एक कारण होतं, पण तेवढंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत हवा बंद केली, लाइनमधला दाब सोडला आणि फिक्स्चर हातानं पुढे ढकलून टेकवलं. कव्हरपासून बाहेर आलेला रॉड मोजला. मग रॉड फिक्स्चरपासून सोडवला आणि हातानं शेवटपर्यंत ओढला. तो आणखी ३० मिलिमीटर बाहेर आला. म्हणजे फिक्स्चर एका स्टॉपर बोल्टवर थांबत होतं आणि पिस्टन टोकाला पोचतच नव्हता. कुशन सुरू होतं शेवटच्या वीस मिलिमीटरमध्ये आणि आमचा सिलिंडर त्याच्या दहा मिलिमीटर आधीच थांबत होता. वर्षभरापूर्वी लहान हाउसिंग आली तेव्हा जागा जुळवायला तो बोल्ट कुणीतरी सिलिंडरच्या बाजूला घेतला होता. तेव्हापासून ते कुशन बिनकामाचं होतं. मागे मात्र पिस्टन पूर्ण टोकाला जात होता, म्हणून तिकडे शांतता.

ही मोजणी पाच मिनिटांची आहे. ठोक्याच्या तक्रारीवर गेलात तर स्क्रूला हात लावायच्या आधी करा. दुसरी गोष्ट बघायची ती फ्लो कंट्रोल कुठल्या दिशेनं बसवलाय ती. तो बाहेर पडणारी हवा अडवणारा पाहिजे. आत जाणारी हवा अडवत असेल तर पिस्टनच्या पुढचा भाग आधीच रिकामा होतो आणि दाबायला हवाच उरत नाही, मग कुशन कितीही चांगलं असो. आमच्याकडे तो बरोबर होता.

बोल्ट काढता येत नव्हता, ड्रिलची जागा त्याच्यावर अवलंबून होती. सिलिंडर मागे सरकवायला ब्रॅकेट नव्यानं करावं लागलं असतं. म्हणून ठरलं की बोल्टशेजारी शॉक अ‍ॅब्जॉर्बर लावायचा. निवड माझ्याकडे आली आणि दुसरी चूक तिथे झाली.

मी गणित असं केलं. पिस्टन कुठे पोचला ते सांगणाऱ्या दोन रीड स्विचमधला वेळ पीएलसीवर बघितला. ३७० मिलिमीटरला ०.७४ सेकंद, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण सिलिंडर शून्यापासून वेग घेतो, त्यामुळे शेवटी तो सरासरीपेक्षा जास्त असतो. मोजायची सोय नसेल तर दीडपट धरतात. तो आला ०.७५. वजन ४० किलो.

½ × ४० × ०.७५² = ११.२५ ज्यूल

इथपर्यंत बरोबर होतं. वेगाचा वर्ग असतो हे कॉलेजात घोकलेलं, म्हणून सरासरी वेग घालायची चूक टळली. ती घातली असती तर उत्तर ५ ज्यूल आलं असतं. मी खुशीत लांडेवाडीतल्या दुकानातून २० ज्यूल क्षमतेचा, १६ मिलिमीटर स्ट्रोकचा अ‍ॅब्जॉर्बर आणला. जवळजवळ दुप्पट क्षमता, मला वाटलं झालं काम. आठवडाभर शॉप शांत. आठव्या दिवशी ठोका परत आणि अ‍ॅब्जॉर्बरच्या दांड्यावर तेल.

मी विसरलो ते हे: फिक्स्चर अ‍ॅब्जॉर्बरवर आपटतं तेव्हा सिलिंडर ढकलायचं थांबवत नाही. ६३ बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटरच्या आसपास, ६ बारला त्याचा जोर साधारण १८७० न्यूटन. हा जोर १६ मिलिमीटरभर अ‍ॅब्जॉर्बरला दाबत राहतो आणि १८७० × ०.०१६ म्हणजे जवळजवळ ३० ज्यूलची भर घालतो. चालत्या वजनाचे ११ आणि सिलिंडरच्या ढकलण्याचे ३०, एकूण ४१. त्या बिचाऱ्यावर दर सहा सेकंदाला दुप्पट मारा होत होता. फ्लो कंट्रोलमुळे पुढच्या बाजूला थोडा उलट दाब असतो, तेव्हा खरा जोर याहून कमी असतो, पण निवड करताना पूर्ण जोर धरावा असं माझं मत आहे. फ्लो कंट्रोल उद्या कोणीही उघडेल.

यावरून दुसरा रस्ता दिसला. एवढा जोर लागतो कशाला? फिक्स्चर गाईडवर सहज सरकत होतं आणि ड्रिलिंगच्या वेळी त्याला धरायला वेगळा क्लॅम्प होता. या सिलिंडरच्या लाइनला स्वतंत्र रेग्युलेटर टाकून दाब ४ बारवर आणला. जोर झाला साधारण १२५० न्यूटन. वेग फ्लो कंट्रोलनं पूर्वीइतकाच जुळवला. अ‍ॅब्जॉर्बर २५ मिलिमीटर स्ट्रोकचा घ्यायचं ठरवलं, म्हणजे ढकलण्याचे ३१ ज्यूल आणि वजनाचे ११, मिळून ४२. तासाला ६०० वेळा, म्हणजे तासाचे सुमारे २५ हजार ज्यूल. कॅटलॉगात हा तासाचा आकडा वेगळ्या रकान्यात असतो आणि बरेच जण तो बघत नाहीत. एका ठोक्याला पुरेसा असलेला अ‍ॅब्जॉर्बरही तासाभरात तापून तेल सोडतो. आम्ही ७० ज्यूलचा घेतला.

लावताना मामांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, अ‍ॅब्जॉर्बर पूर्ण दाबला जायच्या एक मिलिमीटर आधी फिक्स्चर बोल्टवर टेकलं पाहिजे. थांबवायचं काम बोल्टचं, अ‍ॅब्जॉर्बरनं फक्त वेग खायचा. दोन, सेटिंग कानानं करायचं. धक्का दांड्याला लागताक्षणी जाणवला तर सेटिंग फार कडक आहे. सुरुवात मऊ आणि शेवटी ठक् झालं तर फार सैल. मी तासभर अ‍ॅलन की घेऊन बसलो होतो, मामांनी तीन स्ट्रोक ऐकून लावला.

मग आला शुक्रवार. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. बुधवारी रात्री कुणीतरी फिक्स्चर अर्ध्यात असताना इमर्जन्सी दाबलं होतं. दिवसभरात लाइनमधली हवा पूर्ण गळून गेली. शुक्रवारी सकाळी मी एफआरएलचा, म्हणजे मशीनला येणारी हवा गाळून तिचा दाब ठरवणाऱ्या युनिटचा, व्हॉल्व्ह झटक्यात उघडला आणि फिक्स्चर पुढे झेपावून असं आदळलं की रीड स्विचचा पट्टा निसटला. सिलिंडरची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह दोन कॉइलचा होता, शेवटची आज्ञा 'पुढे' होती आणि ती त्यानं धरून ठेवली होती. पिस्टनच्या पुढे हवाच नव्हती, त्यामुळे फ्लो कंट्रोलला अडवायला काही उरलं नव्हतं. अशा स्ट्रोकचा वेग गणितातल्या ०.७५ च्या कितीतरी पुढे असतो आणि त्यासाठी अ‍ॅब्जॉर्बर मोठा घेत बसण्यात अर्थ नाही.

त्यावर उपाय सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्हचा. एफआरएलनंतर तो बसवला की हवा आधी बारीक छिद्रातून भरते आणि दाब निम्म्यावर आला की मोठा रस्ता उघडतो. आमचा भरायचा स्क्रू असा लावला की अर्ध्यात अडकलेलं फिक्स्चर सहा-सात सेकंदांत हळू सरकत जागेवर जातं. ते टेकण्याआधीच मोठा रस्ता उघडत असेल, तर स्क्रू अजून आवळायचा.