वाक्याचा शेवट ऐकूच येत नव्हता: माझा अनुभव

८१ वर्षांच्या आजोबांचं भाषण रेकॉर्ड करताना प्रत्येक लांब वाक्याचा शेवट विरून जायचा. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात, त्यामुळे ‘थांबवलं नाही’चं ‘थांबवलं’ ऐकू येई, म्हणजे अर्थच उलटा. माईक जवळ घेतला, तर श्वासाचा आवाज वाढला. मोठ्याने बोलायला सांगितलं, तर ते दोन मिनिटांत थकले. फार वाईट वाटलं.

शेवटी संहिताच बदलली. आधी त्यांना नेहमीच्या गतीने वाचू दिलं आणि ते श्वास घेतील तिथे पेन्सिलने रेघ मारली. रेघा साधारण सहा शब्दांवर पडल्या, म्हणून पाचची मर्यादा ठेवली. श्वास संपायच्या आत वाक्य संपायला हवं. मग वाक्यं तोडली. मूळ वाक्य होतं: ‘पहिल्या वर्षी पैसे, जागा, माणसं यांपैकी काहीच नसतानाही आम्ही काम थांबवलं नाही.’ त्याचं असं झालं:

पहिल्या वर्षी पैसे नव्हते.
जागा नव्हती. माणसंही नव्हती.
तरी काम चालूच ठेवलं.

शेवटच्या ओळीतला नकारच काढला, म्हणजे शेवट पुसट झाला तरी अर्थ उलटत नाही. एका श्वासाला एक ओळ, मोठ्या अक्षरात छापली. पुन्हा वाचताना श्वास ओळीच्या मध्ये आला, की ती ओळ अजून लांब आहे असं समजून तोडली.