घडी पडलेला जुना फोटो कसा दुरुस्त करायचा आणि त्याचे पैसे किती लावायचे

सुरुवातीला मी सगळ्या फोटोंना एकच दर लावला होता, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्यांच्या सासऱ्यांचा एक फोटो आणून दिला, मधोमध घडी पडलेला, आणि घडी थेट हनुवटीवरून गेलेली. त्या एका फोटोला जेवढा वेळ गेला तेवढ्यात साधे नऊ फोटो झाले असते, पैसे मात्र एकाचेच मिळाले. म्हणून आता दर सांगायच्या आधी मी फोटो हातात घेऊन बघतो की रेघ कुठून गेलीये. मागच्या भिंतीवरून गेली असेल तर स्वस्तात होतं, कपड्याच्या कडेवरून गेली तर मध्यम, आणि चेहऱ्यावरून गेली असेल तर थांबायचं, लगेच आकडा बोलायचा नाही.

आधी स्कॅनिंग. मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, चमक येते आणि कडा वाकड्या होतात, साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरे. स्कॅनरची काच कोरड्या मऊ कापडाने पुसा, फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटका, पण फोटोला ओलं कापड लावू नका, कारण वरचा थर जिलेटीनचा असतो, तो पाण्याने फुगतो आणि सुटतो. आणि फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढायचा नाही, काचेसकट स्कॅन करा, थोडी चमक आली तर चालेल.

रिझोल्यूशन 600 डीपीआय ठेवा आणि फाईल टीआयएफएफमध्ये सेव्ह करा. 4 बाय 6 इंचाचा फोटो यात 2400 बाय 3600 पिक्सेलचा होतो, म्हणजे प्रिंट दुप्पट मोठी काढली तरी इंचाला 300 पिक्सेल राहतात. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग आणि धूळ काढायचं ऑप्शन बंद करा, ते धुळीबरोबर डोळ्यातली चमकपण पुसतं. ए फोर काचेवर 4 बाय 6 चे तीन फोटो एकदम बसतात, दोन उभे आणि एक आडवा, चार बसवायला जाऊ नका, लांबी थोडक्यात कमी पडते. याने वेळ वाचतो, आणि वेळ वाचला की दर कमी सांगता येतो.

आता एडिटिंग. मी GIMP वापरतो, फुकट आहे आणि या कामाला पुरतं. फाईल उघडली की पहिल्यांदा लेयरची कॉपी करा, `Layer > Duplicate Layer`, सगळं काम वरच्या कॉपीवर, म्हणजे डोळ्याचं चिन्ह दाबून आधी आणि नंतर कधीही बघता येतं. मग रंग. `Colors > Levels` मध्ये जाऊन `Value` ऐवजी `Red`, `Green`, `Blue` एकेक निवडा आणि आलेखाचा डोंगर जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे कडेचे त्रिकोण आणून ठेवा. जुने रंगीत फोटो लालसर होतात ना, ते बहुतेक वेळा यानेच अर्धे सुधारतात. कृष्णधवल असेल तर एकट्या `Value` ने भागतं. थोडा उबदार तपकिरी रंग राहिला तर राहू द्या, पूर्ण करडा केला की घरच्यांना तो आपला फोटो वाटत नाही, हा माझा अनुभव.

आता काकूंची घडी. पांढरी रेघ अर्धा मिलीमीटर रुंद होती, 600 डीपीआयला ती साधारण 12 पिक्सेल होते, म्हणून ब्रश 20 च्या आसपास, कडेने मऊ. भिंतीच्या भागावर `Heal` टूल घेतलं, `Ctrl` दाबून रेघेच्या शेजारी क्लिक करून नमुना घेतला आणि छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी रेघ भरत गेलो. दहा मिनिटांत भिंत झाली.

गडबड खांद्याजवळ होते. काळा कोट आणि फिकट भिंत जिथे भेटतात तिथे `Heal` चालवलं की दोन्ही रंग एकमेकांत मिसळून धुरकट डाग पडतो, नवीन लोक इथेच अडकतात आणि वाटतं टूल खराब आहे. तिथे `Clone` घ्यायचं, आणि नमुना त्याच कडेवरचा, थोडा वरचा घ्यायचा, म्हणजे कडेवर कडच बसते. कोटाला वीस मिनिटं लागली.

हनुवटीवर `Clone` ची `Opacity` 40 ते 50 ठेवली, ब्रश आणखी छोटा, आणि एकाच ठिकाणचा नमुना न घेता दर दोन फटक्यांनी जागा बदलली. नाहीतर त्वचेवर एकसारखे ठिपके रांगेत दिसतात, आणि ते जवळून नाही, लांबून दिसतात, म्हणून मधेमधे झूम आऊट करून बघा. दुसरी खूण म्हणजे दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत प्लास्टिकसारखी आणि बाजूचा भाग दाणेदार, असं दिसलं की जरा जास्तच झालंय, अनडू करा. आणि जिथे डोळा किंवा ओठच उरलेला नाही तिथे मी काही बनवत नाही. आपण बनवलेला डोळा त्या माणसाचा नसतो, घरचे पाच सेकंदात ओळखतात.

आता पैसे. मी घड्याळ लावून मोजलं होतं: स्कॅन आणि फाईलला नाव 7 मिनिटं, रंग 8, भिंत 10, कोट 20, हनुवटी 25, धुळीचे ठिपके 15, तपासणी आणि काकूंशी बोलणं 10. झाली 95 मिनिटं. याउलट चांगल्या स्थितीतला फोटो नुसता स्कॅन करून रंग नीट करायला दहा मिनिटं. म्हणून आपल्या एका तासाचं मोल ठरवा, त्याला सहाने भागा, तो झाला साध्या फोटोचा दर. भिंतीवर किंवा आभाळावर रेघा आणि डाग असतील तर त्याच्या तिप्पट, कपड्याची कड मोडली असेल तर पाच-सहापट, चेहरा असेल तर वेगळं बोलायचं. बोलण्यात आणि फाईल देण्यात जाणारा वेळ धरायला विसरू नका, शेजाऱ्यांच्या कामात तो भरपूर जातो. स्वतःचे पहिले पाच-सहा फोटो मोजूनच करा, तुमचा हात माझ्यापेक्षा हळू किंवा फास्ट असेल.

चेहऱ्याच्या फोटोला मी आधी स्कॅन करतो आणि चेहऱ्यावर दहा मिनिटं काम करून बघतो, मग तो तुकडा दाखवून दर सांगतो. नको म्हणाले तर फक्त साध्या फोटोचे पैसे घेतो. एकदम चाळीस-पन्नास साधे फोटो आले तर दर खाली आणतो, कारण तीन-तीन मिळून स्कॅन होतात, पण घडीच्या फोटोला ढिगातली सूट देत नाही, तिथे मिनिटं वाचत नाहीत.

फाईल देताना दोन द्या, एक न छेडलेला स्कॅन आणि एक दुरुस्त केलेली जेपीईजी, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तो दाबून बारीक करतो आणि मग लोक म्हणतात तुमचं काम अस्पष्ट आहे.